Z[x] मधलं (2, x) प्रिन्सिपल का नाही? शेवटची पायरी पटत नाही

बीजांकुर

Z[x] म्हणजे पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदींची रिंग. तिच्यातलं I = (2, x) हे आयडियल प्रिन्सिपल नाही, म्हणजे कुठल्याही एकाच बहुपदीच्या पटींनी ते भरत नाही, असं दाखवायचं आहे. माझ्याकडच्या टिपणात तीन ओळींची सिद्धता आहे:

"2 आणि x यांना 1 आणि −1 सोडून सामाईक विभाजक नाही. I = (g) असेल तर g दोघांनाही भागते, म्हणून g = ±1. म्हणून I प्रिन्सिपल नाही."

पहिली दोन वाक्यं कळली. तिसरं कुठून आलं? g = ±1 निघाली तर I = (1), म्हणजे अख्खी Z[x]. मग तर ते प्रिन्सिपलच झालं की! मधे काहीतरी गाळलंय असं वाटतं, पण नेमकं काय?

---

सातवी_तुकडी

एवढं लांबवायची गरजच नाही. आयडियलमधली सगळ्यात कमी कोटीची शून्येतर बहुपदी घ्यायची, तीच जनरेटर असते. इथे ती 2. x ही 2 ची पट नाही. संपलं.

---

शेषफल

बीजांकुर, तुमची शंका रास्त आहे. टिपणात एक ओळ गळली आहे आणि नेमकी तीच सगळ्यात महत्त्वाची. 1 हा I मध्ये नाही, हे कुणीतरी सिद्ध करायला हवं होतं.

आधी I मध्ये कोण कोण बसतं ते बघू. I मधली प्रत्येक बहुपदी 2a + xb अशी असते, जिथे a आणि b या Z[x] मधल्या कुठल्याही बहुपदी. तिथे x = 0 घाला. xb उडतं, 2a(0) उरतं, आणि a(0) पूर्णांक असल्यामुळे ही संख्या सम. म्हणजे I मधल्या प्रत्येक बहुपदीचं स्थिरपद सम असतं. उलटही खरं आहे: स्थिरपद सम असेल तर ते 2 च्या पटीत घाला, बाकीच्या सगळ्या पदांमधून एकेक x बाहेर काढा, झाली ती 2a + xb च्या रूपात. उदाहरणार्थ 7x³ − 5x + 12 = 2·6 + x(7x² − 5). तेव्हा I म्हणजे "सम स्थिरपद असलेल्या सगळ्या बहुपदी", ना कमी ना जास्त. 1 चं स्थिरपद 1, विषम. म्हणून 1 आत नाही.

आता सिद्धता. समजा I = (g).

2 हा I मध्ये आहे, म्हणून 2 = g·h अशी कुठलीतरी h आहे. Z[x] मध्ये गुणाकाराची कोटी म्हणजे कोटींची बेरीज. डावीकडे कोटी 0, म्हणून g आणि h दोघींची कोटी 0. म्हणजे g पूर्णांक आहे आणि 2 ला भागतो, तेव्हा g चे पर्याय चारच: 1, −1, 2, −2.

g = ±2 असेल तर g च्या प्रत्येक पटीचे सगळे सहगुणक सम. x चा सहगुणक 1, म्हणून x त्या पटींत येणार नाही. पण x तर I मध्ये आहे. हा पर्याय बाद.

g = ±1 असेल तर g स्वतः I मध्ये असल्याने 1 सुद्धा I मध्ये आला. ते होऊ शकत नाही हे वर पाहिलं. हाही पर्याय बाद, आणि चारही संपले.

तुमच्या टिपणातली सिद्धता "g = ±1" इथे थांबली होती. पुढचा अर्धा भाग हा.

---

बीजांकुर

आता लागलं. पण एक विचारू का? "सामाईक विभाजक नाही" एवढ्यावरून 1 आत नाही असं परस्पर म्हणता येत नाही का? दोन जनरेटर एकमेकांशी फटकून आहेत, तर ते मिळून एक कसे होतील, असं काहीसं मनात येतं.

---

शेषफल

नाही, आणि हा गैरसमज फार सहज होतो. I ऐवजी (2, 2x+1) घ्या. 2 आणि 2x+1 यांनाही ±1 सोडून सामाईक विभाजक नाही. पण

(2x + 1) − x·2 = 1

म्हणजे 1 आत आला, आयडियल अख्खी रिंग झालं आणि ते 1 ने तयार होतं. टिपणातला युक्तिवाद जसाच्या तसा इथे लावला तर (2, 2x+1) सुद्धा प्रिन्सिपल नाही असं निघेल, आणि ते चूक आहे. युक्तिवाद खोटा आहे की अपुरा, हे ओळखायची माझी पद्धत हीच: निष्कर्ष जिथे खोटा आहे अशा शेजारच्या उदाहरणावर तो चालवून बघायचा.

मसावि 1 असणं आणि 1 आयडियलमध्ये असणं या दोन गोष्टी पूर्णांकांत एकत्र चालतात, म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात. 4 आणि 9 चा मसावि 1, आणि 9 − 2·4 = 1 असं लिहिताही येतं. Z[x] मध्ये मसावि सगळ्यांना असतो, कारण अवयव पाडणं तिथेही एकमेव आहे. पण मसावि त्या दोघांच्या पटींच्या बेरजेतून मिळेलच याची हमी जाते. 2 आणि x चा मसावि 1 आहे, तरी 2a + xb मधून तो कधीच मिळत नाही.

सातवी_तुकडी, तुमचं प्रमेय सहगुणक फील्डमधले असतील तर खरं. तिथे कमीत कमी कोटीच्या बहुपदीने भागाकार करता येतो आणि बाकी त्याहून कमी कोटीची उरते. Z[x] मध्ये x ला 2 ने भागायला जा, पहिल्याच पायरीला ½ लागतो. म्हणून "तीच जनरेटर असते" हे इथे गृहीत धरता येणार नाही.

---

अरुंधती_क

शेषफल, सातवी_तुकडींना एवढं पटकन बाद करू नका. त्यांचं वाक्य उलटं फिरवलं की सिद्धता होते, आणि ती तुमच्या सिद्धतेपेक्षा आखूड आहे.

"कमीत कमी कोटीची बहुपदी जनरेटर असतेच" हे Z[x] मध्ये खोटं. पण "जनरेटर असलाच तर तो कमीत कमी कोटीचाच असतो" हे खरं आहे, कारण g च्या शून्येतर पटीची कोटी g पेक्षा कमी होऊ शकत नाही. I मध्ये 2 आहे, म्हणजे कमीत कमी कोटी 0. तेव्हा g असलाच तर तो शून्येतर पूर्णांक. तो I मध्ये आहे, म्हणजे सम. समच्या सगळ्या पटींचे सहगुणक सम, आणि x तसा नाही. चार पर्याय तपासायची गरज पडली नाही, ±1 आपोआपच गळाले.

अर्थात "I मधले पूर्णांक सम असतात" हे इथेही वापरलंच आहे. त्यातून कुणाची सुटका नाही.

---

सातवी_तुकडी

तेच तर म्हणत होतो :) कमी कोटीची 2, आणि x तिची पट नाही.

---

अरुंधती_क

तुम्ही 2 च निवडलात. 4 ची कोटीही 0 आहे, −6 ची पण. त्यातला कुठलाच चालणार नाही हे सांगायला हवं, एकट्या 2 ला नापास करून भागत नाही.

---

धूमकेतू

माझ्याकडे वेगळंच उत्तर येतंय. पायथनमध्ये सिम्पाय वापरून बघितलं:

```
>>> from sympy import gcdex, symbols
>>> x = symbols('x')
>>> gcdex(2, x, x)
(1/2, 0, 1)
```

म्हणजे ½·2 + 0·x = 1. तर 1 आयडियलमध्ये आहे असं दिसतंय. मग हे सगळं कशासाठी?

---

शेषफल

ते ½ दिसलं ना, तिथेच उत्तर आहे. ते फंक्शन सहगुणक न विचारता परिमेय संख्यांमध्ये नेतं, म्हणजे तुम्ही Q[x] मधला प्रश्न सोडवलात. Q[x] मध्ये 2 ला व्यस्त आहे, (2, x) म्हणजे अख्खी रिंग, आणि तिथलं प्रत्येक आयडियल प्रिन्सिपल असतं. Z[x] मध्ये a आणि b चे सगळे सहगुणक पूर्णांक हवेत. ½ चालत नाही, आणि दुसरी कुठली जोडी चालणं शक्य नाही हे x = 0 घालून दिसलंच आहे.

उत्तरात अपूर्णांक दिसला म्हणजे लगेच "Z[x] मध्ये जमणार नाही" असंही समजू नका बरं. 2 आणि 2x+1 वर हेच फंक्शन चालवलंत तरी पहिल्या जागी ½ च येईल, पण पूर्णांकांत दुसरी जोडी आहे, वर दिलेली. एका जोडीत अपूर्णांक आला याचा अर्थ एवढाच की ती जोडी कामाची नाही.

---

निळा_पेन

अगदी हेच करायचंय मला. (2, 1+√−5) प्रिन्सिपल नाही हे दाखवायचं आहे. इथली कोटीची युक्ती लावून बघितली, पण √−5 ला कोटी काय धरायची? 1 का?

---

अरुंधती_क

निळा_पेन, तुमची रिंग वेगळी आहे. ती Z[√−5], संख्यांची; बहुपदींची नव्हे. तिथे कोटी नसते. कोटीचं काम तिथे नॉर्म करतो: N(a + b√−5) = a² + 5b², आणि गुणाकाराचा नॉर्म म्हणजे नॉर्मचा गुणाकार.

सांगाडा मात्र तोच आहे. g जनरेटर असेल तर N(g) हा N(2) = 4 ला आणि N(1+√−5) = 6 ला भागतो, म्हणजे N(g) 1 किंवा 2. a² + 5b² = 2 ला पूर्णांकांत उकल नाही. N(g) = 1 म्हणजे g = ±1, आणि मग 1 आयडियलमध्ये यायला हवा. तो येत नाही, कारण त्या आयडियलमधल्या प्रत्येक a + b√−5 मध्ये a + b सम असतं. हे शेवटचं तुम्ही स्वतः ताडून बघा, दोन्ही जनरेटरना c + d√−5 ने गुणून लगेच दिसतं.

---

निळा_पेन

a + b सम हे जमलं. म्हणजे दोन्हीकडे खरी गाठ "1 आत नाही" हीच.

---

बीजांकुर

मला कोटीच्या पायरीबद्दल अजून विचारायचंय. "2 = gh म्हणून g पूर्णांक" हे इतकं उघड वाटतं की लिहायचीही गरज नाही. तिथे खरंच काही बिघडू शकतं का?

---

अरुंधती_क

बिघडतं, आणि पूर्ण निकालच उलटतो. पूर्णांकांच्या जागी मॉड 6 चे सहगुणक घ्या. म्हणजे Z/6 मधल्या 0 ते 5 या संख्या, बेरीज-गुणाकार करून 6 ने भागून बाकी ठेवायची. तिथे तेच (2, x) घ्या. आणि ही बहुपदी बघा:

g = 3x + 4

स्थिरपद 4, सम, म्हणून g त्या आयडियलमध्ये आहेच. आता

2·g = 6x + 8 = 2

कारण 6x शून्य झालं आणि 8 ची बाकी 2. म्हणजे कोटी 1 असलेल्या बहुपदीने 2 ला भागलं! पुढे

3·g = 9x + 12 = 3x

2 हाती आहे म्हणून 2x पण हाती आहे, आणि 3x − 2x = x. तेव्हा 2 आणि x दोघेही g च्या पटी झाले. Z/6 च्या सहगुणकांत (2, x) = (3x + 4), चक्क प्रिन्सिपल.

शेषफलांच्या सिद्धतेतली मोडलेली पायरी कुठली? "कोटींची बेरीज". 2 आणि 3 शून्य नसूनही त्यांचा गुणाकार तिथे शून्य होतो, त्यामुळे वरचं पद नाहीसं होतं. माझ्या आखूड सिद्धतेतही तेच: g च्या पटीची कोटी g पेक्षा खाली गेली. पूर्णांकांत दोन शून्येतर संख्यांचा गुणाकार शून्य होत नाही, म्हणून Z[x] मध्ये ती पायरी टिकते. सिद्धता लिहिताना हे एक वाक्य लिहाच, गृहीत धरू नका.

---

बीजांकुर

कमाल आहे. 3x + 4 सुचलं कसं?

---

अरुंधती_क

मॉड 2 बघितलं तर आयडियल (x) होतं, मॉड 3 बघितलं तर 2 ला व्यस्त असल्याने (1) होतं. मॉड 2 ला x आणि मॉड 3 ला 1 अशी बहुपदी शोधायची. 3x + 4 मॉड 2 = x, मॉड 3 = 1.

---

शेषफल

झकास उदाहरण. यावरून आठवलं, कोटी अजिबात न वापरणारी एक सिद्धता आहे. ती मला जास्त आवडते, कारण ती पुढे आणखी काही सांगते.

I मधली बहुपदी म्हणजे 2a + bx + (x² आणि पुढची पदं). तिच्यापुढे एक जोडी लिहा: a सम की विषम, b सम की विषम. सम ला 0, विषम ला 1. उदाहरणार्थ 2 ची जोडी (1, 0), x ची (0, 1), 6 + 4x ची (1, 0), 2 + x ची (1, 1).

आता त्या बहुपदीला कुठल्याही r ने गुणा, r चं स्थिरपद r₀ आणि x चा सहगुणक r₁. गुणाकाराचं स्थिरपद 2a·r₀, त्याचं निम्मं a·r₀. x चा सहगुणक b·r₀ + 2a·r₁, आणि 2a·r₁ सम आहे, त्यामुळे सम-विषमतेत तो फक्त b·r₀. म्हणजे r₀ विषम असेल तर जोडी जशीच्या तशी राहते, सम असेल तर (0, 0) होते. r मधलं बाकी काहीही असो, जोडीला फरक पडत नाही.

मग एका g च्या सगळ्या पटी मिळून जास्तीत जास्त दोनच जोड्या देतात: g ची स्वतःची आणि (0, 0). पण I मध्ये चारही जोड्या आहेत: 0, 2, x आणि 2 + x यांच्या. चार जोड्या दोनांत मावत नाहीत. म्हणून I प्रिन्सिपल नाही. ना कोटी, ना विभाजक, ना ±1.

---

सातवी_तुकडी

मग ही Z/6 ला पण लागू होईल ना, कोटी वापरलीच नाही तर? पण तिथे तर ते प्रिन्सिपल निघालं. कुठेतरी घोळ आहे.

---

शेषफल

नेमका प्रश्न. Z/6 मध्ये जोडीच ठरत नाही. तिथे 2 = 2·1 आणि 2 = 2·4 दोन्ही खरं, कारण 8 ची बाकी 2. मग 2 चं "निम्मं" 1 म्हणायचं, विषम, की 4 म्हणायचं, सम? पहिल्याच ओळीला सिद्धता अडते. पूर्णांकांत निम्मं एकच असतं.

Z/4 मध्ये मात्र ती चालते. तिथे 2 = 2·1 = 2·3, दोन्ही वेळा निम्मं विषमच. त्यामुळे मॉड 4 च्या सहगुणकांतही (2, x) प्रिन्सिपल नाही. आणि कोटीची सिद्धता तिथे कोसळते, कारण 2·(1 + 2x) = 2 + 4x = 2, म्हणजे कोटी 1 ची बहुपदी तिथेही 2 ला भागते. निकाल खरा, पण पहिली सिद्धता तो देऊ शकत नाही.

---

अरुंधती_क

आणि हीच मोजणी I² वर लावली तर दोन जनरेटरही पुरत नाहीत हे दिसतं. I² = (4, 2x, x²). त्यातल्या बहुपदी म्हणजे 4a + 2bx + cx² + पुढची पदं. जोडीऐवजी (a, b, c) च्या सम-विषमतेचं त्रिकूट घ्या. r ने गुणल्यावर x² चा सहगुणक c·r₀ + 2b·r₁ + 4a·r₂ होतो, शेवटची दोन पदं सम, म्हणून तेच: त्रिकूट एकतर तसंच राहतं नाहीतर शून्य होतं.

दोन जनरेटर p आणि q मिळून चारच त्रिकुटं देतील: शून्य, p चं, q चं आणि दोघांची बेरीज. I² मध्ये आठ आहेत. म्हणून किमान तीन जनरेटर लागतात. I³ ला चार, I⁴ ला पाच, असं वाढत जातं. हिल्बर्टच्या १८९० च्या प्रमेयानुसार Z[x] मधल्या प्रत्येक आयडियलला मोजके जनरेटर पुरतात, पण सगळ्या आयडियलना पुरेल असा एकच आकडा नाही.

---

निळा_पेन

मग माझ्या (2, 1+√−5) चा वर्ग केला तर त्यालाही तीन लागतील?

---

अरुंधती_क

नाही, तिथे उलट होतं. वर्गात 4, 2 + 2√−5 आणि (1+√−5)² = −4 + 2√−5 येतात. सगळे 2 च्या पटीत. आणि दुसऱ्यातून तिसरा वजा केला तर 6, 6 − 4 = 2. म्हणजे वर्ग = (2), प्रिन्सिपल. Z[x] मधल्या I चा कुठलाही घात असा सुधारत नाही.

---

धूमकेतू

एखादं (n, f) समोर आलं तर पटकन सांगायची रीत आहे का? उदाहरणार्थ (3, 2x+1)? 2 आणि 2x+1 चं बघून मला वाटलं हेही 1 असेल.

---

शेषफल

मूळ संख्या p असेल तर रीत सरळ आहे. (p, f) = (g) असेल तर g हा p ला भागतो, म्हणून g = ±1 किंवा ±p. g = ±p तेव्हाच, जेव्हा f चे सगळे सहगुणक p ने विभाज्य असतात. g = ±1 तेव्हाच, जेव्हा f चे सहगुणक मॉड p केल्यावर शून्येतर स्थिर संख्या उरते. बाकी सगळीकडे प्रिन्सिपल नाही.

2x+1 मॉड 2 म्हणजे 1, म्हणून (2, 2x+1) अख्खी रिंग. 2x+1 मॉड 3 मात्र 2x+1 च राहते, कोटी 1. म्हणून (3, 2x+1) प्रिन्सिपल नाही. ताळा घ्यायचा तर x = 1 घाला: 3a(1) + 3b(1), म्हणजे आयडियलमधल्या प्रत्येक बहुपदीची x = 1 ला किंमत 3 च्या पटीत. 1 ची किंमत 1, म्हणून 1 बाहेर.

n संयुक्त असेल तर जपून. (4, 2x+1) घ्या. मॉड 4 केल्यावर 2x+1 स्थिर होत नाही, तरी

(2x+1)² − 4(x² + x) = 1

म्हणजे तेही अख्खी रिंगच.

---

बीजांकुर

आणि दोन्ही जनरेटरची कोटी 1 किंवा जास्त असेल तर? रिझल्टंट काढून तो ±1 आला की 1 आत, नाहीतर बाहेर, एवढं पुरेल ना?

---

शेषफल

रिझल्टंट नेहमी आयडियलमध्ये असतो, तेव्हा ±1 आला तर 1 आत, हे बरोबर. दोघींपैकी एकीचा सर्वोच्च पदाचा सहगुणक ±1 असेल तर उलटही चालतं. नसेल तर नाही. 2x+1 आणि 2x−1 चा रिझल्टंट −4 येतो, तरीही

(1 − x)(2x + 1) + x(2x − 1) = 1

रिझल्टंट शून्य नसेल तर त्याला भागणारी प्रत्येक मूळ संख्या p घेऊन दोन्ही बहुपदी मॉड p करायच्या आणि त्यांना काही सामाईक उरतं का ते बघायचं. एकाही p ला उरलं नाही तर 1 आत. इथे p फक्त 2, आणि मॉड 2 दोन्ही 1 होतात, म्हणून सुटलो.

---

धूमकेतू

रिझल्टंट दीडशे अंकी आला तर त्याचे मूळ अवयव कोण पाडणार? अवयव न पाडता होत नाही का?

---

अरुंधती_क

पूर्णांकांवरचा ग्रोबनर बेसिस काढला तर अवयव पाडावे लागत नाहीत, फक्त तो Z वर काढणारं सॉफ्टवेअर हवं, Q वरचं पुन्हा ½ देईल. हाताने करण्याजोगं काही असेल तर मलाही वाचायला आवडेल.